‘चर्चा करावी’ लिहिणाऱ्या साहेबांचा वाढदिवस

बांधकाम खात्याच्या एखाद्या विभागीय कार्यालयातली लेखा शाखा डोळ्यांसमोर आणा. ठेकेदाराचं देयक मोजमाप पुस्तकासह साहेबांच्या टेबलावर जातं आणि संध्याकाळी परत येतं. कोपऱ्यात लाल शाईत दोनच शब्द असतात, ‘चर्चा करावी’. काय चुकलं ते लिहिलेलं नसतं. ते शोधायचं, नाही सापडलं तर केबिनच्या दारात उभं राहायचं. असे साहेब बहुतेक प्रत्येक कचेरीत एक तरी असतात. त्यांचा कामाचा धाक असतो, पण पाठीमागे कुणी त्यांना लबाड म्हणत नाही.

अशा साहेबांचा वाढदिवस आला की हाताखालच्या मंडळींची पंचाईत होते. शुभेच्छा न द्याव्यात तर बरं दिसत नाही, द्याव्यात तर शब्द सुचत नाहीत. मग जे लिहिलं जातं ते साधारण असं असतं. लिहिणारा या शाखेतला कनिष्ठ लिपिक आहे, नोकरीला लागून फार दिवस झालेले नाहीत, आणि मनात खरोखरच आदर आहे.

‘आदरणीय, वंदनीय साहेब, तुम्हाला वाढदिवसाच्या कोटी कोटी हार्दीक शुभेच्छा! आपण खूप कडक आहात, ऑफिसमधले सगळे तुम्हाला घाबरतात, पण मनाने तुम्ही खूप चांगले आहात. तुमचा ओरडा खाऊनच मी घडलो. असेच नेहमी हसत राहा. शतायुषी व्हा! देव आपल्याला दिर्घायुष्य देवो आणि आपलं मार्गदर्शन आम्हाला असंच लाभो. पार्टी कधी देताय? तुमचा लाडका…’

यात वाईट हेतूचा एकही शब्द नाही. तरी साहेबांनी हे वाचलं तर त्यांची भुवई निदान चार ठिकाणी वर जाईल. कुठे आणि का, ते पाहू.

सगळ्यात आधी खटकतं ते संबोधन. पत्राच्या जुन्या रीतीत प्रत्येक नात्याला मायना ठरलेला होता. वडिलांना तीर्थरूप, लहानांना चिरंजीव, बरोबरीच्यांना सप्रेम नमस्कार विनंती विशेष. त्या रीतीत एक शहाणपण होतं: विशेषण नात्याप्रमाणे ठरायचं. आता फ्लेक्सवरच्या भाषेनं ती सवय मोडली आहे. चौकातल्या फलकावर कार्यसम्राट, युवा हृदयसम्राट आणि आधारस्तंभ एकाच नावामागे रांगेनं उभे असतात, आणि ते पाहून पाहून आपल्यालाही एका ‘आदरणीय’वर भागत नाही. ज्या माणसाला देयकावरचा एक जादा आकडा सहन होत नाही, त्याला जादा विशेषण कसं सहन होईल? ‘आदरणीय साहेब’ पुरे. ‘वंदनीय’ गुरूंसाठी आणि संतांसाठी ठेवावं. तीर्थरूप तर मुळीच नको, कारण ते घरातल्या वडीलधाऱ्यांचं आहे. ‘प्रिय साहेब’ही या जागी थोडं सलगीचं होतं, मात्र जिथे वरिष्ठ स्वतःच तसं लिहितात तिथे चालून जातं.

दुसरी गोष्ट पहिल्या वाचनात दिसत नाही, पण कानाला लागते. मसुद्यात ‘तुम्हाला’नं सुरुवात होते, लगेच ‘आपण’ येतं, पुन्हा ‘तुम्ही’, मग ‘आपल्याला’. लिहिणाऱ्याला मधूनच आठवतं की आपण साहेबांशी बोलतो आहोत, की तो सावरून ‘आपण’वर जातो आणि पुढच्या वाक्यात पुन्हा सवयीवर येतो. दोन्ही आदराचीच रूपं आहेत. रोजच्या बोलण्यात साहेबांशी ‘तुम्ही’ म्हणत असाल तर शुभेच्छेतही ‘तुम्ही’ लिहिलं म्हणून काही बिघडत नाही. बिघडतं ते अदलाबदलीनं. एक धरावं आणि शेवटपर्यंत न्यावं.

‘आपण’ धरलं तर मात्र एक पथ्य पाळावं लागतं, कारण मराठीत ‘आपण’ म्हणजे तुम्हीही आणि आपण सगळेही. ‘आपल्यामुळे आपल्या शाखेला शिस्त लागली’ या वाक्यातले दोन ‘आपल्या’ दोन वेगळ्या माणसांकडे बोट दाखवतात. ‘मार्चमध्ये आपण चुका शोधल्या’ असं लिहिलं तर साहेबांना वाटेल, हा स्वतःलाही मोजतोय की काय! हा घोटाळा क्रियापदाच्या शेवटी एक ‘त’ लावला की सुटतो. ‘आपण शोधल्यात’, ‘आपण दाखवलंत’, ‘आपण थांबलात’. तो ‘त’ समोरच्याकडे वळतो आणि आदरही तोच सांभाळतो. घाईत तो सर्वांत आधी गळतो, म्हणून पाठवण्याआधी प्रत्येक ‘आपण’च्या पुढचं क्रियापद एकदा पाहून घ्यावं.

आता मसुद्यातलं सगळ्यात मोठं दुखणं. ‘आपण खूप कडक आहात, सगळे घाबरतात, पण मनाने चांगले आहात.’ लिहिणाऱ्याला हे कौतुक वाटतं. साहेबांना मात्र यातून तीन वेगळ्या गोष्टी ऐकू येतात. पहिली, ऑफिसात माझ्याविषयी काय बोललं जातं ते हा पोरगा मला सांगतोय, म्हणजे उद्या माझं बोलणंही बाहेर सांगेल. दुसरी, माझी शिस्त हा दोष आहे आणि माझं मन चांगलं असल्यानं तो माफ करण्यात आला आहे. ‘पण’ या एका शब्दानं हा निकाल दिला. तिसरी, हाताखालचा माणूस माझ्या स्वभावाचा अहवाल लिहितो आहे. गोपनीय अहवाल वरून खाली लिहिले जातात, खालून वर नाहीत! साहेब कसे आहेत हे कनिष्ठानं लिहूच नये. साहेबांनी काय केलं, ते लिहावं. स्वभावावर मत दिलं की माणूस परीक्षकाच्या खुर्चीत जाऊन बसतो. घडलेली गोष्ट सांगितली तर तो साक्षीदार राहतो, आणि साक्षीदाराचं बोलणं कुणालाही उद्धट वाटत नाही.

‘तुमचा ओरडा खाऊनच मी घडलो’ याचंही तेच. भावना खरी, पण वाक्यात उरतो तो ओरडा. आणि ‘असेच नेहमी हसत राहा’ हे तर ज्यांना ऑफिसात कुणी हसताना पाहिलेलं नाही त्यांना लिहिलं की टोमणाच होतो. तयार साच्यातली वाक्यं उचलण्यात हाच धोका असतो. साचा हसऱ्या माणसासाठी बनवलेला, आणि तो चिकटवला जातो गंभीर माणसाला.

पुढचं वाक्य अर्थानं निर्दोष आहे, दिशेनं उलटं आहे. ‘शतायुषी व्हा!’ आपल्याकडे वाढदिवसाला औक्षण झालं की लहान माणूस वाकतो आणि मोठं माणूस म्हणतं, ‘औक्षवंत हो, शतायुषी हो.’ आशीर्वाद वयानं आणि मानानं वरून खाली येतो. कनिष्ठानं साहेबांना ‘व्हा’ म्हटलं की त्यानं साहेबांच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं होतं. बहुतेकांना हे नेमकं सांगता येत नाही, पण ‘काहीतरी खटकलं’ असं वाटतंच. यावर मराठीनं फार सुंदर तोडगा काढून ठेवला आहे. ‘आपणास उत्तम आरोग्य लाभो.’ ‘आपल्या हातून असंच चोख काम होत राहो.’ ‘लाभो’, ‘मिळो’, ‘होवो’, ‘राहो’ या रूपांत देणारा मी नसतो. आयुष्य कुणाकडून तरी लाभावं, एवढीच माझी इच्छा असते. त्यापुढे ‘ही ईश्वरचरणी प्रार्थना’ लिहायची रीत आहे. साहेब देवाधर्मातले नसतील आणि हे ऑफिसला ठाऊक असेल, तर ‘ही सदिच्छा’ लिहावं. तेवढ्या बारकाव्यानंही साहेबांना कळतं की हा मजकूर दहा जणांना पाठवलेला नाही.

‘आपलं मार्गदर्शन आम्हाला असंच लाभो’ हे वाक्य मात्र मी सरळ काढून टाकेन. निरोपसमारंभांतून ते इतकं झिजलं आहे की त्यातून काही ऐकूच येत नाही. शिवाय नीट पाहिलं तर ती शुभेच्छा नाही, मागणी आहे. त्यांच्या वाढदिवसाला आपणच काहीतरी मागून घेतो आहोत. पार्टीचं तर बोलायलाच नको. तो हक्क बरोबरीच्यांचा. सही ‘तुमचा लाडका’ अशी कुणी करत असेल तर लाडकेपण ठरवायचा अधिकार दुसऱ्याचा असतो, एवढं लक्षात ठेवावं.

राहिलं शुद्धलेखन. शिस्तीच्या साहेबांची ही हमखास जागा. ‘हार्दिक’मधली ‘दि’ ऱ्हस्व आणि ‘दीर्घायुष्य’मधली पहिली ‘दी’ दीर्घ. मसुद्यात दोन्ही उलट पडल्या आहेत. ‘अभीष्टचिंतन’ लिहायची हौस असेल तर ‘भी’ दीर्घ आहे. आणि ‘आशीर्वाद’मधला रफार ‘वा’वर असतो, ‘शि’वर नाही. या मजकुराला कुणी गुण देणार नाही हे खरं, पण ज्यांची नजर आयुष्यभर चूक शोधण्यात तयार झाली आहे, त्यांची नजर वाढदिवसाला सुट्टी घेत नाही.

हे सगळं ऐकून आमचा लिपिक घाबरला आणि त्यानं दुसरा मसुदा केला. तो असा:

‘महोदय, आपल्या वाढदिवसानिमित्त आपणांस सविनय शुभेच्छा सादर करण्यात येत आहेत. आपणांस निरामय दीर्घायुष्य लाभावे, ही विनंती. आपला आज्ञाधारक.’

चूक एकही नाही. जावक क्रमांक टाकला तर पाठवायला तयार! ‘सादर करण्यात येत आहेत’ म्हटलं की शुभेच्छा देणारा माणूस वाक्यातून गायब होतो. सरकारी भाषेत ते सोयीचं असतं, कारण तिथे निर्णय कुणी घेतला हे झाकायचं असतं. इथे उलट, देणारा दिसायलाच हवा. ‘विनंती’ही चुकीच्या दारात उभी आहे. दीर्घायुष्याची विनंती साहेबांकडे करून काय उपयोग? आणि ‘आज्ञाधारक’ रजेच्या अर्जात शोभतं. पहिल्या मसुद्यात माणूस फार जवळ येऊन उभा राहिला होता, दुसऱ्यात तो कपाटामागे लपला.

आता ऊब आणायची कुठून? विशेषणांतून ती येत नाही, हे दिसलंच. मी लिपिकाला एकच विचारलं, ‘साहेबांनी तुझ्यासाठी केलेली, फक्त तुला ठाऊक असलेली एखादी गोष्ट सांग.’ तो आधी म्हणाला, तसं काही नाही. मग आठवून म्हणाला, एकदा मार्चअखेरीला एक देयक तीन वेळा परत आलं. कोपऱ्यात तेच, ‘चर्चा करावी’. चौथ्यांदा तो दारात जाऊन उभा राहिला. साहेबांनी त्याला आत बोलावून शेजारच्या खुर्चीवर बसवलं, मोजमाप पुस्तक उघडलं आणि बोट ठेवलं. बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी ठेकेदाराच्या देयकातून एक टक्का उपकर कापायचा असतो. यानं तो इतर कपाती वजा करून उरलेल्या रकमेवर काढला होता. देयक समजा ४ लाख ८० हजारांचं असेल तर उपकर ४,८०० रुपये. याच्या हिशोबात तो काही शेकड्यांनी कमी येत होता. साहेब रागावले नाहीत. ‘आधी एकूण रक्कम, मग वजाबाकी,’ एवढंच म्हणाले आणि खाली सही केली. तेव्हापासून हा देयक पुढे पाठवण्याआधी कपातीचं पान उलट्या क्रमानं तपासतो.

हीच ती शुभेच्छा. साहेब कडक आहेत की प्रेमळ, यातलं काहीही लिहायची गरज उरली नाही. मग तिसरा मसुदा झाला:

‘आदरणीय साहेब,

सविनय नमस्कार. आपणास वाढदिवसाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.

गेल्या मार्चअखेरीला एवढ्या गर्दीतही आपण मला शेजारी बसवून कपातीचा हिशोब समजावून दिलात. तेव्हापासून देयक पुढे पाठवण्याआधी ते पान मी पुन्हा तपासतो. ही सवय मला आपल्यामुळे लागली.

आपणास उत्तम आरोग्य व दीर्घायुष्य लाभो, ही ईश्वरचरणी प्रार्थना.

आपला,’

आणि खाली नाव.

लांबीला हा जवळपास पहिल्या मसुद्याएवढाच आहे, पण त्यातला प्रत्येक शब्द त्या दोघांतलाच आहे. यात तीन वेळा परत आलेल्या देयकाचा उल्लेख नाही. तो मी आग्रहानं काढायला लावला. तो राहिला असता तर वाक्यात नकळत तक्रारीचा सूर आला असता, आणि साहेबांना ‘चर्चा करावी’ची आठवण करून द्यायची काही गरज नाही. उपकर आणि रक्कमही गेली. आठवण ओळखू येण्यापुरती हवी, हिशोब तपासता येण्याइतकी नको. लिपिकाला ‘आपल्यासारखे साहेब मिळायला भाग्य लागतं’ हे वाक्य शेवटी जोडायचं होतं. खरं असेल तरी ते निवृत्तीच्या दिवशी बोलावं. ज्याच्या हातात आज आपली बढती आणि अहवाल आहे त्याला ते लिहिलं की त्यातून दुसराच वास येतो. ‘ही सवय मला आपल्यामुळे लागली’ यात मात्र खुशामत शिरू शकत नाही, कारण त्यात स्तुती कामाच्या फळाची आहे. साहेब ते उद्याच देयकात पडताळून पाहू शकतात. आणि पाहतीलही.

वरिष्ठ बाई असतील तर ढाचा हाच राहतो, फक्त काही वेगळे खड्डे टाळावे लागतात. ‘मॅडम’ हे बहुतेक कचेऱ्यांतलं रूढ संबोधन आहे, तेच ठेवावं. शाळेत ‘बाई’ म्हणण्यात मान आहे, बँकेत तसं म्हटलं तर भांडण होईल. ‘ताई’ गोड आहे, पण ज्या मॅडमना सगळे ‘मॅडम’ म्हणतात त्यांना फक्त वाढदिवसापुरतं ‘ताई’ करू नये. ‘तुमचं वय वाटतच नाही’ हे कौतुक नव्हे. ‘घर आणि ऑफिस दोन्ही सांभाळता’ हेही नको, कारण असं पुरुष साहेबांना कुणी लिहीत नाही. ‘आईसारखी माया’ तर शिस्तीच्या मॅडमना सगळ्यांत परकी वाटेल. त्यांनी आयुष्यभर लेखाधिकारी म्हणून ओळख मिळवलेली असते, आणि आपण तीच पुसतो. नावाआधी ‘सौ.’ की ‘श्रीमती’ हा घोळही टाळता येतो. सरकारी कागदात ‘श्रीमती’ सर्रास लिहितात, पण घरगुती वापरात काहींच्या मनात तो शब्द वैधव्याशी जोडलेला असतो. शुभेच्छेत नुसतं ‘आदरणीय मॅडम’ लिहिलं की प्रश्नच उरत नाही.

आणखी एक गोष्ट महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत खास सांभाळायला हवी: तारीख. सेवापुस्तकात १ जून ही जन्मतारीख असलेली माणसं आपल्याकडे शेकड्यांनी आहेत. जन्माची नोंद नसलेल्या मुलाला शाळेत घालताना गुरुजींनी जूनची पहिली तारीख टाकली आणि ती आयुष्यभर चिकटली. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला सरकारी कर्मचारी आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून ३१ मेला कचेऱ्या एकदम रिकाम्या झाल्यासारख्या वाटतात. तेव्हा साहेबांची तारीख १ जून दिसली तर आधी शाखेतल्या जुन्या माणसाला हळूच विचारावं. काही साहेब तो दिवस ‘कागदावरचा’ म्हणून मोजतच नाहीत आणि घरी तिथीनं वाढदिवस करतात. खऱ्या दिवशी शुभेच्छा गेली तर ती इतर सगळ्यांपेक्षा वेगळी उठून दिसते. तारीख चुकली तरी आकाश कोसळत नाही, पण निवृत्तीची आठवण करून देणारं काहीही त्या मजकुरात नको. ‘निवृत्तीपर्यंत निरोगी राहा’ असं लिहिणारेही मी पाहिले आहेत.

पाठवायची कुठे, हाही प्रश्न असतो. ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकानं सुरुवात केली की केकच्या चित्रांची रांग लागते. तिथे नुसतं ‘आदरणीय साहेब, आपणास वाढदिवसाच्या मनःपूर्वक शुभेच्छा’ लिहून थांबावं. मार्चअखेरीची गोष्ट ग्रुपवर नको. ती लिहिली की इतरांना ती शेखी वाटते, आणि साहेबांनाही चारचौघांत आपला मऊपणा उघडा पडल्यासारखा होतो. ती साहेबांच्या नंबरवर, एकट्याला. वेळ सकाळची, साहेब चहा घेऊन बसलेले असतील अशी. रात्री बारा वाजता पाठवण्याची उत्सुकता मित्रांसाठी ठेवावी. आणि त्याच मजकुरात ‘तसेच उद्याची माझी रजा’ असं लिहू नये. हे सांगावं लागू नये, पण लागतं. भेटवस्तूच्या फंदात तर पडूच नये. सरकारी नोकरांना वर्तणूक नियम आहेत, आणि हाताखालच्यानं आणलेलं पाकीट साहेबांनाच अडचणीत टाकतं.

उत्तर बहुधा ‘धन्यवाद’ एवढंच येईल, तेही दुपारी. त्यावर हात जोडलेलं चित्र पाठवून संभाषण लांबवायचं नाही. त्या दिवशी नस्ती घेऊन आत जाणं झालं तर आधी नमस्कार, मग ‘साहेब, वाढदिवसाच्या शुभेच्छा’, आणि साहेबांनी हात पुढे केला तरच हात मिळवायचा. नंतर नस्ती पुढे ठेवायची. त्यात कपातीचं पान बरोबर असायला हवं.